फोटोत न आलेली पानं

माझ्या सासूबाईंचं तोंड दादरच्या पानबाजारात सगळ्यांना माहीत आहे. लग्न होऊन मी करी रोडच्या चाळीत आले तेव्हा शेजारणीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सांभाळून हां, तुझी सासू दोन शब्दांत माणसाची सालं काढते." खोटं नव्हतं ते. पण मीही काही गरीब गाय नाही. पहिली दोन वर्षं आमच्या घरात भांडी कमी आणि आम्ही दोघी जास्त वाजायचो. मग हळूहळू आम्हाला एकमेकींचा आवाज आवडायला लागला, असंच म्हणावं लागेल.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, विड्याच्या पानांच्या घाऊक व्यापारी. गिरणी बंद पडल्यावर सासऱ्यांनी फुलवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गाळा धरला, आणि ते गेल्यावर आईंनी तो चालवला. पानटपरीवाले, पूजेचं सामान विकणारे, लग्नाचे केटरर, सगळे पहाटे त्यांच्याकडे यायचे. आधी माल आला की करंडी उघडून बघायच्या. फोन आल्यापासून मळेवाले खुडणीच्या दिवशी पानांचे फोटो पाठवतात, आई फोटोवरून प्रत ठरवतात, मग माल निघतो.

मी लालबागला एका फोटो स्टुडिओत काम करते. पासपोर्टचे फोटो, साखरपुडे, बारशी. त्यामुळे एकदा आईंचा फोन बघितला आणि मी कपाळावर हात मारला. प्रत्येकाच्या मळ्यावर हिरवी जाळी, त्याखाली काढलेले फोटो, त्यात फोन आपणहून रंग वाढवतो. पिवळं पडलेलं पानसुद्धा हिरवंगार दिसत होतं. "आई, हा फोन पानांना मेकअप करतोय," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग तोंड धुवायला सांग त्याला."

मग आम्ही दोघींनी मिळून नियम केले. पान जाळीबाहेर आणायचं, पण उन्हात नाही, सावलीत. वर्तमानपत्रावर ठेवायचं, म्हणजे कागदाच्या पांढऱ्यावरून रंगाचा अंदाज येतो. पुढून एक, मागून एक, आणि एक पान उजेडासमोर धरून. आणि पाणी मारायचं नाही. हा शेवटचा नियम आईंचा. पान ताजं दिसावं म्हणून पाणी शिंपडायची सगळ्या बाजाराची सवय, पण काही रोगांचा डाग सुरुवातीला नुसता ओला दिसतो. पाण्याखाली तो लपून जातो.

त्या फोटो बघायला बसल्या की मी चहा घेऊन शेजारी बसायचे. बोटांनी फोटो मोठा करायच्या आणि पुटपुटायच्या. "टोक मोडलंय, पूजेला चालणार नाही, दोन नंबर. हे काळे टिपके, भोवती पिवळी कड, करपा आहे, बाजूला काढ म्हणावं. हे पांढरं? थांब. भुरीची बुरशी नाही ही, फवारलेल्या औषधाचा चुना आहे, पुसून दुसरा फोटो पाठव." सगळं फोनवर बोलून पाठवायच्या, आणि मधेच एखादी शिवी. मळेवाले ऐकून घ्यायचे, कारण आईंनी एक नंबर म्हटलं की तो एक नंबरच असायचा.

या मळेवाल्यांत पालघरकडची एक मुलगी होती. वडील वारल्यावर नोकरी सोडून तिने त्यांचा पानमळा हातात घेतला होता. गावातले म्हणायचे वर्षभरात विकेल. तिने टिकवला. आईंना ती काकी म्हणायची. आई तिला तोंडावर कधी चांगलं म्हणाल्या नाहीत, पण तिचे फोटो सगळ्यात आधी उघडायच्या.

श्रावणात तिच्याकडून जे फोटो यायला लागले ते बघून मी थक्क झाले. एकेक पान नितळ, कोवळं, चकचकीत. डाग नाही, भोक नाही, टोक शाबूत. मी म्हटलं, "आई, ही तर पानांची ब्युटी क्वीन झाली." दुसऱ्या खुडणीचेही तसेच. तिसऱ्या खुडणीचे फोटो त्यांनी आधीच्या फोटोंशी मागेपुढे करून बघितले आणि चहाचा कप तसाच ठेवून तिला फोन लावला.

"खालची पानं कुठेत?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"मला शिकवू नकोस. खुडताना खालून वर जातात. जून, जाड पानं आधी येतात. तू मला नुसती शेंड्याकडची पानं दाखवतेयस. पातळ आहेत, दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. तुला हे कळत नाही असं नाही. खालची पानं का खुडत नाहीस?"

मला फोनमधून रडण्याचा आवाज आला.

गोष्ट अशी होती. मळ्याच्या एका कडेला पावसाचं पाणी तुंबलं होतं. तिथल्या खालच्या पानांवर डाग आले. तिने पानं खुडून टाकली, डाग वर सरकले. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण बाजारात एकदा का "त्या मळ्याला लागण आहे" असं झालं की वर्षभर त्या मळ्याच्या करंडीला कुणी हात लावत नाही. डाग नसलेलं पानसुद्धा पडून राहतं. पाच जणांत नाव गेलं की मळा जगला काय आणि मेला काय. म्हणून ती वरची चांगली पानं पाठवत राहिली आणि देवाचं नाव घेत राहिली.

"रडू नकोस," आई म्हणाल्या. "मी कुणाला सांगणार नाही. आता फोन जमिनीला टेकव आणि बुंध्याचे फोटो पाठव. चांगले नकोत. खरे पाठव."

ते फोटो आईंना फोनवर नीट दिसेनात, म्हणून त्यांना स्टुडिओत नेऊन मी मोठ्या पडद्यावर उघडले. पानांवर गोल, तपकिरी, ओलसर चट्टे, त्यात गडद-फिकी वलयं. कडेच्या रांगेतल्या काही वेली मातीपाशी काळ्या पडल्या होत्या. आईंनी तिथूनच फोन करून तिला एक वेल उपटून हुंगायला सांगितली. तिने हुंगली. कुजक्या मासळीचा वास, म्हणाली. आईंनी डोळे मिटून घेतले. मूळकूज. ती पाण्याबरोबर रांगेतून रांगेत जाते, आणि गेली की अख्खा मळा झोपवते.

त्यांनी तिला कृषी केंद्रातल्या बाईंकडे धाडलं. त्या बाईही तशाच खंबीर निघाल्या. म्हणाल्या, फोटोवरून शंका घेता येते, खात्री करता येत नाही, मुळं आणि माती घेऊन ये. तपासून त्यांनी तेच सांगितलं. तुंबलेलं पाणी चर खणून काढ. लागण झालेल्या वेली मुळासकट उपटून मळ्याबाहेर जाळ. पडलेलं एकही पान आत ठेवू नकोस. राहिलेल्या वेलींच्या बुंध्याशी मोरचूद-चुन्याचं मिश्रण ओत आणि पानांवर फवार. आणि मी सांगेपर्यंत खुडणी बंद.

खुडणी बंद, तेही सणासुदीत. मला वाटलं होतं आईंना आपल्या गिऱ्हाइकांची काळजी पडेल. त्यांना पडली होती ती दुसरीच. "तिचा माल अचानक यायचा थांबला तर बाजार काय म्हणेल? लगेच ओळखतील."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गाळ्यावर होते. शेजारच्या गाळ्यावरच्या काकांनी सहज विचारलं, "त्या पालघरवालीचा माल नाही आला आज?" आई कंबरेवर हात ठेवून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तिचं नाव काढू नका. तोंड वर करून बोलली मला. मीच बंद केला तिचा माल."

सगळ्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? काका हसत म्हणाले, "मग मी घेतो की तिची पानं." आई म्हणाल्या, "घ्या. पण मग या गल्लीत मला हाक मारायची नाही." काकांनी हात जोडले आणि विषय सोडला.

त्यानंतर जे ऐकावं लागलं ते मी अजून विसरले नाही. बापाविना पोरीचा धंदा बंद केला हिने. म्हातारपणी तरी सुधारायला नको का. सासूला आवर गो, असं एक फूलवाली मला म्हणाली. माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, ते गिळताना डोळ्यात पाणी आलं. घरी येऊन मी आईंवरच डाफरले, "तुम्हाला काहीच वाटत नाही?" त्या लसूण सोलत म्हणाल्या, "माझं नाव आधीच खराब आहे. त्यात आणखी काय खराब होणार? तिचं कोरं आहे."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले असते तर शिव्या खाल्ल्या असत्या, म्हणून लसूण सोलायला बसले.

मळ्यातून रोज फोटो येत होते. चराचा, उपटलेल्या रांगेच्या रिकाम्या मातीचा, बुंध्यांचा. तुंबलेली कड गेली. त्यापलीकडची रांग पिवळी पडतेय असं वाटलं, एक आठवडा आईंनी धड जेवण केलं नाही, मग ती सावरली. दिवाळीच्या तोंडावर कृषी केंद्रातल्या बाईंनी खुडायला परवानगी दिली.

त्या खुडणीचे फोटो आलेच नाहीत. त्याऐवजी पहाटे ती मुलगी स्वतःच करंडी घेऊन गाळ्यासमोर उभी राहिली. काकांनी लगेच टोला मारला, "काय, मिटलं वाटतं भांडण? माफी मागितलीस ना काकीची?"

आईंनी तिला डोळ्यांनी दटावलं. हो म्हण आणि मोकळी हो. मला तो डोळा नीट कळला, तिलाही कळला असणार.

ती म्हणाली, "भांडण कधी झालंच नव्हतं. माझ्या मळ्याला मूळकूज लागली होती. एक कड उपटून जाळली. काकींनी माझं नाव झाकलं आणि तुमची बोलणी स्वतः खाल्ली. मला कालच कळलं, गावातून बाजारात माल आणणाऱ्या गाडीवाल्याकडून." आणि तिने करंडी उघडून पानं आमच्या फळीवर पसरली. खालची, वरची, सगळी. "कुणाला बघायचंय त्याने बघा."

आईंनी मान खाली घातली. मी त्यांना असं पहिल्यांदाच बघत होते. मग काका उठून आले. त्यांनी तळाचं एक जून पान उचललं, मागून बघितलं, दिव्यासमोर धरलं, दोन बोटांत चोळून हुंगलं. दुसरं उचललं. तिसरं.

"पुढच्या खुडणीला माझ्याकडे एक करंडी पाठव," ते म्हणाले. मग आईंकडे न बघता म्हणाले, "बाई, आम्हाला माफ करा."

आईंनी पदराने डोळे पुसले, उघड, सगळ्यांसमोर. मग पानांवर वाकून त्यांनी निवड सुरू केली. "हे एक नंबर. हे दोन. याला भोक आहे, तीन." त्या मुलीच्या चेहऱ्याकडेही बघितलं नाही. "आणि काकांना करंडी माझी भरल्यावर," त्या म्हणाल्या, "आधी माझी."