एका गुरुवारचा कोर्स

आमच्या चिखलीत गुरुवारी शांतता असते, कारण वर्कशॉपना साप्ताहिक सुट्टी त्याच दिवशी. चाकणच्या माझ्या कंपनीलाही गुरुवारचीच. पण मी वर्षानुवर्षं गुरुवारी ओव्हरटाइमला जायचो, दुप्पट पैसे मिळतात म्हणून. एकदा बायको म्हणाली, "महिन्यातला एक तरी गुरुवार मला द्या."

मला रागच आला. म्हटलं, "एक काय, चारही देतो!"

आता बोलून तर बसलो. मी मशीन चालवतो, ड्रॉइंग वाचता येतं, आणि नव्या पोरांना ते शिकवताना रोज घसा कोरडा करतो. 'कोर्स बनवा, झोपेत पैसे येतात' असं एक यूट्यूबवाला सांगत होता. म्हणून ते एकदाच रेकॉर्ड करून विकायचं आणि बुडणारा ओव्हरटाइम त्यातून भरून काढायचं ठरवलं. दोनशे नव्याण्णव रुपयांचा मराठी कोर्स, 'इंजिनिअरिंग ड्रॉइंग वाचायला शिका'. कंपनीतल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अडीचशे माणसं होती. निम्मी तरी घेतीलच, असा माझा हिशेब. हिशेब कसला, नुसती हाव!

रेकॉर्डिंग अर्थातच गुरुवारी, कारण इतर दिवशी खालच्या वर्कशॉपमधलं प्रेस मशीन माझ्या प्रत्येक वाक्याला ठोका द्यायचं. म्हणजे बायकोला गुरुवार द्यायचा म्हणून मी तिचे सगळे गुरुवार खाल्ले, वर ओव्हरटाइमही बुडवला. पंखा बंद, मिक्सर बंद. गोधडी डोक्यावर घेऊन, बाराशेचा माइक तोंडाशी धरून मी घामाघूम होत बोलायचो. एकदा चांगला रंगात आलो होतो, तेवढ्यात कुकरची शिट्टी.

"अगं बाई, बंद कर तो!"

"मग जेवणाचाही व्हिडिओ बघा!"

अडीच तासांच्या कोर्सला चार महिने लागले. बोलणं, चुकणं, कापणं, आकृत्या काढणं, सगळं धरून सव्वाशेएक तास गेले असतील. पहिल्या महिन्यात विक्री झाली अकरा. त्यातली एक बायकोची, एक मेव्हण्याची. वेबसाइटचं आणि पेमेंटचं कमिशन साधारण दहा टक्के. ते आणि माइकचे पैसे वजा केले तर तासाला पंधरा रुपयेसुद्धा पडले नाहीत. बायकोने हे ऐकून तोंडावर पदर धरला. हसत होती, मला दिसत होतं.

त्याच आठवड्यात कंपनीच्या बसमध्ये चढलो, तर माझाच आवाज ऐकू आला! मागच्या सीटवर दहाजण एका मोबाइलवर माझा कोर्स बघत होते. चौकशी केली तर कळलं, प्रत्येकी तीस रुपये वर्गणी काढून एकाने घेतलेला.

मी भडकलो. "लाज वाटते का रे? मी गोधडीत उकडून निघालो!"

"भाऊ, चिडू नका राव. झ्याक शिकवलंय तुमी. फक्त हे सेक्शनचं चित्र काय कळंना. सांगा की."

काय करणार? वस्तू मधोमध कापली तर आत काय दिसेल, ते चाकण येईपर्यंत सांगत बसलो, फुकट. उतरताना मात्र त्यातला एक ओशाळून म्हणाला, "आमच्या भाच्याच्या आयटीआयच्या ग्रुपवर टाकतो लिंक. वर्गणीबिर्गणी नाही, ज्याचा त्याने घ्यायचा."

त्याने शब्द पाळला. तेव्हापासून महिन्याला सात-आठ कोर्स जातात. पोरं शंका विचारतात, त्यांना उत्तरं द्यायला दोन-तीन तास जातात. झोपेत पैसे येतात म्हणणाऱ्या त्या यूट्यूबवाल्याला एकदा ही पोरं दाखवायला हवीत. हाती पडतात सरासरी दोन हजार, म्हणजे बरोब्बर माझा एका गुरुवारचा ओव्हरटाइम. चार देतो म्हणालो होतो, मिळाला एक; बाकीचे तीन पुन्हा ओव्हरटाइमला. दुसरा कोर्स काढावा असं मनात आलं होतं, पण घरात तोंडातून काढलं नाही.

तो पहिला गुरुवार उजाडला आणि सकाळीच सुपरवायझरचा फोन. "येताय ना? माणूस कमी आहे."

"नाही साहेब. माझ्याऐवजी आज कोर्स गेलाय कामाला."

त्यांना काही कळलं नाही. मला मात्र इतका आनंद झाला की फोन ठेवून मी एकटाच हसत बसलो. मग आम्ही पुनावळ्याला मेव्हणीकडे गेलो. बायकोने ठेवणीतली साडी नेसलेली. पुरणपोळीचं जेवण झालं, मी जरा सोफ्यावर टेकलो, आणि पंख्याखाली कधी डोळा लागला ते कळलंच नाही.

खांद्याला गदागदा हलवलं कोणीतरी. बायको उभी होती, डोळे मोठे करून.

"उठा आधी! दोन हजारांचा गुरुवार आहे, घोरून घालवू नका."