मयत आणि दिवंगत

फारशी शब्द दिसला की माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. चाळीस सालाच्या आसपास बेळगावच्या एका मराठी साप्ताहिकात मी उपसंपादक होतो. 'तारखे'चा दिनांक करायचो, 'हजर'चं उपस्थित. संपादक अग्रलेखापुरतं चालवून घेत. वकिलांच्या जाहीर नोटिशींना मात्र हात लावायचा नाही, हा नियम होता. मी तो एकदा मोडला.

नोटीस साधी होती. काकतीचा एक शेतकरी मयत, त्याचा भाऊ वारस म्हणून दाखला मागतोय. कुणाची हरकत असल्यास महिन्याच्या मुदतीत कोर्टात अर्ज करावा. मी केलं दिवंगत, उत्तराधिकारी, आक्षेप, अवधी, न्यायालय, आवेदन. वाचून बेहद्द खूश झालो. 'बेहद्द' आणि 'खूश' हे शब्दही फारशीतलेच, पण तेव्हा ते कुठलं लक्षात येतंय!

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनला त्या शेतकऱ्याची बायको कचेरीत आली. हातात नोटिशीचं कात्रण होतं, त्याला हळद लागली होती.

"चावडीवर वाचलं तवा धन्याचं नाव ऐकलो," ती म्हणाली. "दिवंगत म्हनं. मोठ्या मान्साबद्दल लिवत्यात तसं काय तरी असंल म्हनून देवाजवळ ठेवलो. दीर म्हनतोय, आज मुदत सरती, उद्या घर सोड."

मी कात्रण संपादकांपुढे नेलं. संपादकांनी वकिलाचा मूळ कागद काढून कात्रणाशेजारी ठेवला. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"मृत्युलेखात दिवंगत शोभतं," ते म्हणाले. "नोटिशीत मयतच लागतं. तो शब्द कानावर पडला की माणूस कोर्टाची वाट धरतो. तुम्ही बाईंना हार घातलात आणि घर काढून घेतलंत."

कोर्ट पाचला उठायचं. टांग्यात मी दोन्ही कागद छातीशी धरून बसलो होतो. नोकरी जाणार याची मला खात्री होती, आणि शेजारी बसलेल्या बाईकडे बघायची हिंमत नव्हती. कोर्टात तिचा हरकतीचा अर्ज मीच लिहिला, तिच्या शब्दांत. मग माझा जबाब. मूळ मजकूर मी स्वतः, कुणाला न विचारता बदलला, असं लिहून खाली सही केली. जज्जसाहेबांनी दोन्ही कागद दोनदा वाचले. पाचला दहा मिनिटं असताना हुकूम झाला. हरकत दाखल, नोटीस मूळ शब्दांत पुन्हा छापावी, मुदत नव्याने.

कात्रण कारकुनानं फाइलीला टाचलं. बाई तिकडेच बघत राहिली.

पुढच्या अंकात नोटीस जशीच्या तशी आली. ती मी काकतीला जाऊन तिला स्वतः वाचून दाखवली. मयत, वारस, हरकत, मुदत. तिनं मान हलवली.

"आता समदं कळलं," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "पर पैलं चांगलं वाटलं हुतं."