चार म्हणजे चार

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॅकेथॉनचं, म्हणजे दिवसभरात प्रोग्रॅम बनवायच्या स्पर्धेचं, कॅप्शन इन्स्टाग्रामवर दरवर्षी मीच टाकायचो. त्या वर्षी विषय होता शेतीचं पाणी. संघात चार जण, पहिल्या तीन संघांना बक्षीस, नोंदणी शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

शुक्रवारी दुपारी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. ती कळंबहून रोज एसटीनं यायची.

"सर, आमच्यातल्या एकीचं लग्न ठरलं. तिला आता घरचे पाठवत न्हायत. आमी तिघीच राहिलो. चालंल का?"

मी मान वर न करताच खेकसलो, "कॅप्शन वाचलं नाही का? चार म्हणजे चार."

"पण सर, चारच का?"

"नियम आहे."

ती निघून गेली. पाचला मी फॉर्म बंद केला.

स्पर्धेच्या सकाळी लॅबमध्ये टेबलं लावताना मला आठवलं, ते चार कुठून आलं होतं. एका टेबलाला चार खुर्च्या बसतात, म्हणून पहिल्या वर्षी मीच तसं लिहिलं होतं. पुढं दरवर्षी जुनंच कॅप्शन उतरवत गेलो.

त्या दिवशी शेवटचं टेबल रिकामं राहिलं. त्याच्या चारही खुर्च्या मीच पुसून ठेवल्या होत्या.