काटा थांबला नाही

आमच्या साखर कारखान्याची ईआरपी, म्हणजे हिशेबापासून ऊसकाट्यापर्यंतची सगळी संगणकव्यवस्था, क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या दूरच्या सर्व्हरवर, न्यायची होती. सल्लागार म्हणाले, "आहे तशीच उचलू, हंगामाआधी होईल." कार्यकारी संचालक म्हणाले, "सगळं नव्यानंच करा." संगणक विभाग माझ्याकडे होता; मी दोघांशीही भांडले. हिशेब आहे तसा हलवला. नव्यानं करायला वेळच नव्हता. काट्याचा जुना प्रोग्रॅम मात्र दर वजनाला सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबायचा. तो नव्यानं लिहिला: वजन आधी काट्यावरच्या संगणकात, नेट असेल तेव्हा वर.

ऐन गाळपात जेसीबीनं केबल तोडली. ऑफिस ठप्प झालं. कार्यकारी संचालक धावत काट्यावर आले. "नेट गेलंय!" ते ओरडले.

वजनाची पावती खिशात घालत गाडीवान म्हणाला, "गेलं आसंल. बाजूला व्हा साहेब, बैलं उन्हात हायती."