वरची ओळ

रत्नागिरीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या आम्हा लोकांना एक खोड आहे. काहीही बिघडलं की खापर खाऱ्या हवेवर फोडायचं. फॅन अडकला, खारी हवा. की-बोर्ड गेला, खारी हवा. गिऱ्हाईकही लगेच मान डोलावतं, कारण त्याच्या खिडकीचे गजही गंजलेले असतात.

बाबांनी निवृत्तीनंतर जुन्या लॅपटॉपवर आर्च लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घातली होती. स्वतः वाचून, चुकत, एकेक गोष्ट हाताने बसवत. त्याचा त्यांना केवढा अभिमान! मग पक्षाघाताचा झटका आला. उपचारांसाठी मुंबईला नेलं, लॅपटॉप आठ महिने बंद. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी अपडेट लावलं, तर पॅकमन, म्हणजे आर्चवर प्रोग्राम उतरवून बसवणारं साधन, एकामागून एक पॅकेज नाकारायला लागला. शेवटच्या ओळीत लिहिलेलं, पॅकेज करप्टेड आहे. पुन्हा उतरवलं, पुन्हा तेच.

मी दुकानातून दमून आलो होतो. म्हटलं, "आठ महिने बंद होता ना? हवेने डिस्क खाल्ली."

"डिस्क गेली तर सगळीच पॅकेजं सारखी कशी नापास होतील?" बाबा म्हणाले. "अरे, वरची ओळ वाच. सहीबद्दल काहीतरी लिहिलंय."

"बाबा, पुरे हो आता! रोज हेच काम करतो मी."

त्याच रात्री मी त्यांच्या फायली काढून घेतल्या, नवीन डिस्क टाकली, विंडोज घातलं. त्यांनी तो लॅपटॉप पुन्हा उघडला नाही. मला वाटलं, आजारपणाने उत्साह गेला असेल.

वर्षभराने बोटीवरून नऊ महिन्यांनी परतलेला एक खलाशी दुकानात आला. त्याच्याही लॅपटॉपवर आर्च, आणि तीच तक्रार. माझ्या तोंडात खारी हवा आलीच होती. पण समोर समुद्रावर राहणारा माणूस, म्हणून लाज वाटून वरची ओळ वाचली. सहीवरचा विश्वास अज्ञात, असं काहीसं होतं. पॅकेजं धडधाकट होती. ती बनवणाऱ्यांच्या सह्या ओळखायच्या किल्ल्यांचा संच मात्र नऊ महिने जुना झालेला, त्यामुळे नव्या सह्या मशीनला ओळखता येत नव्हत्या. आधी आर्चचं किरिंग, म्हणजे हा किल्ल्यांचा संच, तेवढं नवं केलं, मग बाकी सगळं. मुकाट अपडेट झालं. डिस्कला काही म्हणजे काही झालं नव्हतं.

दुकान बंद करून घरी गेलो. बाबा ओटीवर बसले होते. सगळं सांगितलं, म्हटलं, "चुकलं माझं. आज बसू या, तुमचं आर्च परत घालू."

ते हसले. "मला दुसऱ्या दिवशीच सापडलं होतं, फोनवर वाचलं. पण तोवर तू डिस्क बदलली होतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"रोज हेच काम करतोस ना तू!" उजवा हात त्यांनी मांडीवर ठेवला. झटक्याने अधू झालेला तो हात वर्षभरात आणखी कमजोर झाला होता. "तेव्हा निदान टाईप होत होतं रे."