अनाक-अनाक

राइट टाउनच्या यशोधराताईंनी वीस वर्षं मलेशियात शाळेत शिकवलं. आता त्या मलाय कागद इंग्रजीत करून देतात, पण पदरचं अक्षर घालत नाहीत, की मूळचं गाळत नाहीत. आणि कागद हाती देण्याआधी ज्याचा त्याला तो त्याच्या बोलीत वाचून दाखवतात.

परवा सिहोऱ्याहून पार्वताबाई एकुलत्या लेकीला घेऊन आल्या. नवरा तिकडे कामावरच वारला होता. कंपनीच्या नोटिशीत होतं, मृताचं सामान त्याच्या मलेशियातल्या ‘अनाक-अनाक’कडे दिलं आहे.

‘अनाक’ म्हणजे मूल. एकदाच असतं, तर एक की अनेक हे मोघम राहिलं असतं. दोनदा म्हणजे एकाहून जास्त; किती, ते मात्र कळत नाही.

ताईंचा पेन अडला. ‘चाइल्ड’ लिहून घाव थोडा हलका केला, तर इथे कोण पकडणार होतं? तरी त्यांनी ‘चिल्ड्रन’च लिहिलं, आणि नेमाप्रमाणे वाचून दाखवलं.

पार्वताबाईंनी लेकीचा हात घट्ट धरला. म्हणाल्या, "अन् त्या लेकरांना आता कोण पाहून राहिलं, दीदी?"