हिराबाईच्या एकवीस कोंबड्या

हिराबाईचा कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्यानं चरवी पुढे केली की ती आधी बोट बुडवून बघायची. माझा तरी तिच्यावर कुठे होता म्हणा! तंजावरच्या पंचायत युनियनच्या कचेरीत मी बारा वर्षं कारकुनी केलेली. खोट्या सह्या, मेलेल्या माणसांचे अंगठे, एकच बैल तीन जणांच्या नावावर, सगळं बघून झालेलं. समोर उभा राहील तो काहीतरी लपवतोय असं धरूनच मी फाईल उघडायचो.

ही बाई तंजावरच्याच करंदै पेठेतली. आमच्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्या इथली मराठी, पण आम्ही ब्राह्मण आणि ती मराठ्याची. नवरा रघोजी जटका हाकायचा, म्हणजे एका घोड्याची गाडी. घोडा मेला, पाठोपाठ रघोजीची छाती गेली, आणि तो अंगणात बाजेवर पडून खोकत राहिला. आईनं हिच्या नावावर केलेलं एक घर होतं, मागे दोन हात परस आणि एक कडुनिंब. तेवढंच काय ते तिचं. आई गावठी कोंबड्या पाळून मिलिटरी हॉटेलात, म्हणजे मटणाच्या खानावळीत, अंडी पुरवायची, त्यामुळे कोंबडी हिला लहानपणापासून माहीत.

सन बासष्टच्या मार्चात परसातल्या कोंबड्यांची योजना आली. पांढऱ्या लेगहॉर्न जातीची एका दिवसाची पन्नास पिल्लं, तीनशे रुपये कर्ज, घर तारण. अधिकारी म्हणाले, "गुरुमूर्ती, बारा कुटुंबं हवीत, महिनाअखेरीच्या आत." अंदाजपत्रकं करायची पाळी माझ्यावर आली. मी! ज्याच्या घरात अंड्याचं नाव काढलं तरी बायको तोंडावर पदर धरते!

पण हिशेबाला काय लागतं? बसलो आणि केला. पन्नास पिल्लं, साठ नव्या पैशांनी, तीस रुपये. शंभर चौरस फूट शेड, बांबू आणि नारळाच्या झापांची, एकशे वीस. खायची-प्यायची भांडी वीस. लसी पाच. वर्षाचं खाणं आठशे. दर कोंबडीला एकशे ऐंशी अंडी, म्हणजे नऊ हजार, पंधरा नव्या पैशांनी तेराशे पन्नास. निव्वळ नफा तीनशे पंचाहत्तर. हप्ता पंचवीस रुपये, चौथ्या महिन्यापासून. अधिकारी इतके खूश झाले की हाच नमुना बाराही जणांना चालवा म्हणाले. मी कार्बन घालून टंकायला घेतला.

हिराबाई अंगठा द्यायला आली. म्हणाली, "आधी वाचून दाखवा."

"सगळं बरोबर आहे हो, बाई."

"बरोबर असेल तर वाचायला काय हरकत आहे?"

चडफडत वाचलं. पन्नास कोंबड्यांपाशी आलो तशी तिनं हात वर केला. "आणि कोंबडे?"

"कसले कोंबडे?"

"पिल्लं पन्नास ना? मग कोंबडे कुठे गेले? आणि मेलेली?"

मला वाटलं, आली वळणावर. कोंबडे चोरून विकायचे, मेले म्हणून दाखवायचे, आणि सरकारला टोपी घालायची. तसं तोंडावर म्हणालोही. ती भडकलीच. "मी चोर? पन्नास तुम्ही लिहिल्या! उद्या याल मोजायला, वीस दिसतील, आणि म्हणाल बाकीच्या तीस विकून खाल्ल्यास! घर जाईल माझं! हे मुद्दाम लिहिलंय तुम्ही. किती मिळतात यात तुम्हाला?"

अख्खी कचेरी ऐकत होती. माझ्या कानशिलांना आग लागली. पण ती तिथून हलेना. "घरी या," म्हणाली, "दाखवते. नाही आलात तर अंगठा देणार नाही."

बारा पुरे व्हायला हवे होते, म्हणून गेलो. सोवळंओवळं गुंडाळून ठेवलं आणि तिच्या परसात पाटावर बसलो. तिनं चिंचोके मोजले, पन्नास. "ही पिल्लं. लस टोचून घेतली तरी आठ जातात. थंडीनं, कावळ्यानं, हगवणीनं." आठ बाजूला. "उरली बेचाळीस. अर्धे नर. आईच्या हाताखाली जन्म गेला माझा, दुसरं काही होताना पाहिलं नाही." एकवीस बाजूला. "राहिल्या एकवीस. आता ह्या उद्या अंडी देतात का? साडेपाच महिने नुसत्या खातात. पहिल्या वर्षाला नव्वद नव्वद अंडी दिली तरी माझ्या मारुतीला नारळ फोडीन. आणि तुम्ही चौथ्या महिन्यापासून हप्ता घेणार! कुठून देऊ? रघोजीला विकून?"

बाजेवरून रघोजी खोकत हसला.

मी चिंचोके पुन्हा मोजले. एवढं सोपं आणि मला दिसलं नाही? तरी वाटलं, बाई चतुर आहे, घुमवत असेल. घरी आलो तर धोतराला पीस चिकटलेलं. बायको चंद्रमती दारातच आडवी आली. "कुठे जेवून आलात?" विहिरीवर दोनदा न्हालो तेव्हा घरात घेतलं, आणि आठवडाभर माझ्या श्वासाचा वास घेत होती.

दुसऱ्या दिवशी गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर अप्पाजीला गाठलं. नमुना दाखवला. तो खुर्चीतून पडायचा राहिला. "गुरुमूर्तीराव, अंड्यातून काय सगळ्या मुलीच निघतात? एका दिवसाच्या पिल्लात नर कुठला, मादी कुठली, आपल्याकडे कुणाला कळत नाही. अर्धे अर्धे धरायचे."

म्हणजे बाई खरं बोलत होती.

तिचा कागद मी नव्यानं केला. एकवीस कोंबड्यांना निम्मी शेड पुरते, साठ रुपये. पिल्लं, भांडी, लसी तेवढीच. खाणं तीनशेचं. अंडी अठराशे, दोनशे सत्तर रुपये, आणि तीन महिन्यांचे कोंबडे अडीच रुपयांनी विकून बावन्न. पहिल्या वर्षी ब्याण्णव-त्र्याण्णव रुपये तोटा, दुसऱ्या वर्षी पावणेदोनशेपर्यंत फायदा. कर्ज दोनशेच, हप्ता दहा रुपये, आठव्या महिन्यापासून. अधिकाऱ्यांनी गठ्ठ्यात सही ठोकली, वाचलंही नाही. हिराबाईनं तीनदा वाचून घेतलं आणि अंगठा दिला. "आता मोजायला या खुशाल," म्हणाली.

एप्रिलात खोक्यांतून पिल्लं आली. रात्री टोपलीखाली कंदील ठेवून हिराबाई जवळ निजायची. पिल्लं कंदिलाला चिकटली की गारठलीत, लांब पांगली की उकडतंय, एवढं मला तिनंच शिकवलं. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची पहिली लस डोळ्यात थेंब टाकून झाली. दुसरी पंखाला टोचायची होती तेव्हा दवाखान्यातला नवा माणूस भर दुपारी थर्मास घेऊन आला. हिनं झाकण काढून आत बोटं घातली. बर्फाचं कोमट पाणी झालेलं! "ही लस मेली," म्हणाली, "घेऊन जा परत." तो माणूस माझ्याकडे तक्रार घेऊन आला. मला क्षणभर वाटलं, लसीचे पैसे वाचवतेय. अप्पाजी म्हणाला, बाईचं बरोबर आहे, बर्फ गेला की लस गेली. दुसऱ्या दिवशी तो स्वतः पहाटे बर्फ भरून गेला आणि दोन तासांत सगळ्यांना टोचून मोकळा झाला.

मेलेलं प्रत्येक पिल्लू ती मला पिशवीतून दाखवायला आणायची, अशी नऊ झाली. नाक धरून मी नोंद घ्यायचो. पुढे मला तिच्या फेऱ्यांची सवय झाली, खोटं कशाला बोलू, वाटही बघायला लागलो. कोंबडे वीस निघाले, कोंबड्या एकवीस. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं पहिलं अंडं दुरून दाखवलं. हातभर लांब, माझं सोवळं सांभाळून. हसत होती. त्या बाईला हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि मला मनापासून बरं वाटलं. म्हटलं, गुरुमूर्ती, एक काम तरी धड केलंस.

पंधरवड्यानं ती पुन्हा आली. बरोबर कामाक्षी होती, पलीकडच्या गल्लीतली, त्याच बारांतली एक. डोळे सुजलेले. तिला मराठी येत नाही. हिराबाईनं माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, आणि वर एक तिसरा. तो मी ओळखला, मीच टंकला होता. दोन हप्ते थकले, घर जप्त का करू नये याचा खुलासा करावा.

"हिची पन्नासातली सत्तावीस पिल्लं जगली, त्यांत पंधरा कोंबड्या," हिराबाई म्हणाली. "एकीनंही अजून अंडं दिलेलं नाही. खाण्याला पैसे नाहीत म्हणून कोंड्यावर ठेवल्यात. हिच्या कागदात किती लिहिल्यात?"

"पन्नास," मी म्हणालो.

"माझ्या कागदात?"

"एकवीस."

"दोन्ही तुमच्याच हातचे?"

"हो."

मला वाटलं आता ओरडेल. मनात उत्तरंही तयार केली. म्हणजे नमुना अधिकाऱ्यांनी मंजूर केलेला होता, तोट्याचं पत्रक बारा जणांचं पाठवलं असतं तर योजनाच उडाली असती, चूक वर कळली असती तर माझी बढती गेली असती. आणि वाटलं होतं, बाकीच्यांनी काही विचारलं नाही ना, मग चालतंय. हे सगळं मी मार्चात स्वतःला सांगून झोपलो होतो आणि झोपही लागली होती.

पण ती ओरडली नाही. "चूक होते माणसाची," म्हणाली. "माझ्या आधी हिचा कागद केला असेल तर तुम्हाला ठाऊक नव्हतं. मी हिला तेच सांगत आणलंय सगळ्या वाटेनं, राव तसे नाहीत म्हणून. तारीख तेवढी वाचा."

तिला अक्षर येत नव्हतं. मी काहीही वाचू शकलो असतो. खालच्या बोळात सायकलवाला घंटी वाजवत होता आणि कामाक्षी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तुमचा सोळा मार्च," मी म्हणालो. "हिचा चोवीस."

हिराबाईनं बोटांवर मोजलं. आठ दिवस. मग कामाक्षीकडे वळून तिला तमिळमध्ये सांगितलं, शांतपणे, एवढंच, की ह्यांना माहीत होतं. कागद उचलले, नीट घडी घातली, कमरेला खोचले, आणि दोघी जिना उतरून गेल्या.

तिचे हप्ते पुढे वीस महिने दर दहा तारखेला आले. ते घेऊन अप्पाजी यायचा.